शेजारच्या फ्लॅटवरून आपल्या फ्लॅटचं भाडं कसं काढायचं: रत्नागिरीतलं एक उदाहरण, आकडेमोडीसकट

दोन वर्षांपूर्वी मावशीचा फ्लॅट भाड्याने द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी मोबाईलवर दोन-चार जाहिराती बघितल्या, सगळीकडे १४ ते १६ हजार दिसले, म्हणून १५ हजार सांगून मोकळा झालो. जून गेला, जुलै गेला, फोन आले आणि गेले. शेवटी ऑक्टोबरात साडेअकराला दिला. वर्षाला ४२ हजार जादा मिळवायच्या नादात चार महिन्यांचे ४६ हजार घालवले. त्यात आपल्याकडचा पावसाळा. चार महिने बंद राहिलेलं घर उघडलं तेव्हा प्लायवूडच्या कपाटाला आतून हिरवी-काळी बुरशी होती आणि गादी फेकून द्यावी लागली. देशावर रिकामं घर नुसतं भाडं बुडवतं. कोकणात ते घरच खाऊन टाकतं.

त्यानंतर मी वही घातली. यंदा चुलतभावाचा नाचणे रस्त्यावरचा फ्लॅट द्यायचा होता, तेव्हा त्या वहीवरून भाडं काढलं. तेच इथे पायरीपायरीने सांगतो. यातले आकडे त्या एका गल्लीचे आहेत. तुमच्या गल्लीत ते वेगळे निघतील, रीत मात्र हीच चालेल.

आपलं घर आधी कागदावर

भावाचा फ्लॅट दोन बेडरूमचा, कार्पेट ६२० चौरस फूट. खाली पार्किंग आणि वर चार मजले अशी बारा वर्षांची इमारत. लिफ्ट नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. अर्धा सजवलेला, म्हणजे मोठ्या खोलीत एक बेड, दोन कपाटं, स्वयंपाकघरात ट्रॉल्या, गिझर, पंखे. एका गाडीची झाकलेली जागा. पाणी नगरपरिषदेचं, शिवाय इमारतीची बोअर आहे आणि ती मे महिन्यातही आटत नाही.

क्षेत्रफळ कार्पेटच लिहायचं. मालक ‘आठशेचा फ्लॅट’ म्हणतात तेव्हा त्यात भिंती, जिना, कधी गच्चीचाही वाटा मिसळलेला असतो. खात्री नसेल तर टेप घेऊन खोल्या मोजाव्यात, वीस मिनिटांचं काम आहे.

तुलनेची घरं शोधताना

तीन ते पाच घरं पुरेत, पण ती चालत दहा मिनिटांच्या आतली हवीत आणि भाडं ठरून माणूस राहायला आलेला हवा. जाहिरातीतला आकडा ही मालकाची इच्छा असते. मी मावशीच्या वेळी तिथेच फसलो. सगळे माझ्यासारखेच पंधरा सांगून बसले होते आणि आम्ही एकमेकांकडे बघून तोच आकडा धरत होतो.

खरा आकडा भाडेकरूकडून कळतो. मालक थोडा वाढवून सांगतो. एजंटला दोन्हीकडून एकेका महिन्याचं भाडं घ्यायचं असतं, त्यामुळे तोही कमी सांगत नाही. मी सरळ इमारतीत गेलो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना म्हटलं, ‘काकू, वरचा तिसरा मजला आमच्या भावाचा. द्यायचाय. तुम्ही किती देता विचारलं तर चालेल ना?’ काकूंनी आधी ‘तुमच्याकडे गिझर आहे का हो?’ असं विचारलं आणि मग आकडा सांगितला. मेंटेनन्स त्यातच धरलाय हेही न विचारता सांगितलं. आकडा विचारताना मेंटेनन्स कोण भरतं, डिपॉझिट किती आणि कधीपासून राहता, या तीन गोष्टी विसरायच्या नाहीत. तिसरी विसरलो तर काय होतं ते पुढे येईल.

गणपतीपुळ्याच्या बाजूचे रोजाने जाणारे दर यात आणायचे नाहीत. भाऊ मला म्हणाला, ‘अरे, तिकडे शनिवार-रविवारचे तीन-तीन हजार घेतात.’ घेतात, पण मग चादरी धुवायला, चावी द्यायला माणूस लागतो आणि जून ते सप्टेंबर शुकशुकाट असतो. तो वेगळा धंदा आहे. भाऊ ठाण्याला राहतो, त्यामुळे तिथल्या भाड्याची तुलनाही ऐकावी लागली. ती कानाआड केली.

मला मिळालेली चार घरं अशी. पहिलं म्हणजे काकूंचं घर: आमचीच इमारत, पहिला मजला, तेवढंच क्षेत्रफळ, मालकाच्या सामानाविना रिकामं, झाकलेलं पार्किंग, मेंटेनन्स धरून ११,५००. दुसरं समोरच्या नव्या इमारतीतलं: दुसरा मजला, लिफ्ट, ६६० फूट, एसी-फ्रिज-वॉशिंग मशीनसकट पूर्ण सजवलेलं, भाडं १५,०००, मेंटेनन्स ८०० भाडेकरूच भरतो. तिसरं जुन्या इमारतीत तळमजल्याला: ६०० फूट, अर्धं सजवलेलं, झाकलेलं पार्किंग नाही, एप्रिल-मेमध्ये टँकर, ९,५०० अधिक ५०० मेंटेनन्स. चौथं त्याच गल्लीत: तिसरा मजला, लिफ्ट नाही, ६१० फूट, अर्धं सजवलेलं, पाणी चांगलं, गाडी उघड्यावर, मेंटेनन्स धरून ११,५००.

सगळ्यांना एका मापात आणणं

भाडेकरूच्या खिशातून महिन्याला एकूण किती जातात ते धरायचं. म्हणजे दुसऱ्या घराचे १५,८०० आणि तिसऱ्याचे १०,००० झाले. दुसऱ्या घराचं डिपॉझिट एक लाख होतं, बाकी सगळ्यांचं पन्नास हजार. ते जादा पन्नास हजार भाडेकरूने बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला साडेतीन हजार मिळाले असते, महिन्याला साधारण तीनशे. तेही भाड्यातच धरले. दुसरं घर झालं १६,१००.

फरक कुठे करायचा

इथे बहुतेकांची गाडी उलटी जाते. आपल्या घरात हात घालायचा नाही. शेजारचं घर आपल्या घरासारखं करायचं. त्यांच्याकडे जे जास्त आहे ते त्यांच्या भाड्यातून वजा करायचं, जे कमी आहे ते मिळवायचं. काकूंचं घर रिकामं आहे, आपलं सजवलेलं आहे, म्हणून काकूंच्या भाड्यात मिळवणी होते. सरतेशेवटी जो आकडा येतो तो ‘हे घर आपल्या घरासारखं असतं तर कितीला गेलं असतं’ याचं उत्तर असतो. घोळ झालाय का हे तपासायचं असेल तर बघा: मिळवणी-वजाबाकीनंतर आकडे एकमेकांच्या जवळ यायला हवेत. ते आणखी पांगले तर कुठेतरी चिन्ह उलटं पडलंय.

मजल्याची किंमत

मजल्याला किती धरायचे, हे कुठल्याही पुस्तकात नसतं. ते जोडीवरून काढायचं. जोडी म्हणजे एकाच गोष्टीचा फरक असलेली दोन घरं. बाजूच्या इमारतीत अशी एक जोडी सापडली: दोन्ही रिकामी, सारखीच, एक पहिल्या मजल्यावर ११,०००ला आणि एक तिसऱ्यावर १०,६००ला. दोन मजले चढायचे चारशे. म्हणजे लिफ्ट नसलेल्या इमारतीत पहिल्याच्या वर दर मजल्याला दोनशे कमी.

आमच्या इमारतीत चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरचं रिकामं घर १०,५००ला आहे. काकूंच्या पहिल्या मजल्यापेक्षा हजार कमी. त्यातले सहाशे तीन मजले चढण्याचे. उरलेले चारशे कशाचे? स्लॅबचे. शेवटच्या मजल्याला एप्रिल-मेमध्ये छत तापतं आणि जूननंतर गळतं. शिवाय टाकी अगदी डोक्यावर असल्यामुळे शॉवरला जोर नसतो. सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड घातली असेल तर यातला बराचसा फरक निघून जातो. म्हणून शेवटच्या मजल्याचं घर तुलनेला घेताना जिन्याने गच्चीवर जाऊन यावं. आमच्या गच्चीवर निळी ताडपत्री आणि चार विटा होत्या, त्यावरून चारशे रुपयांचा उलगडा झाला.

तळमजल्याचं गणित उलटं आहे. चढायचं नाही हा फायदा, पण जमिनीची ओल भिंतीत चढते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंग फुगलेला, पापुद्रे सुटलेले, पांढरा लोणा आलेला दिसला तर समजावं की हे घर दर श्रावणात वास मारणार. उन्हाळ्यात बघायला गेलात तर मालकाने नुकताच नवा रंग दिलेला असतो. मग कपाट भिंतीपासून जरा ओढून मागे बघायचं. नैऋत्येकडून झोडपणारा पाऊस कुठल्या भिंतीवर येतो तेही पाहायचं. त्या बाजूच्या खिडकीच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचे डाग असतील तर मजला कुठलाही असो, तिथे पाणी आत येतंय.

ओलीच्या तळमजल्याला मी पहिल्या मजल्यापेक्षा पाचशे कमी धरतो. हा माझा अंदाज आहे, जोडी मिळाली नाही. वहीत अशा आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवतो. ते पुढे कामाला येतं.

सामानाचं

सामानाचे दोन प्रकार मनात वेगळे ठेवावेत. भिंतीला लागलेलं, म्हणजे ट्रॉल्या, कपाटं, गिझर. आणि उचलून नेता येणारं, म्हणजे बेड, सोफा, फ्रिज. पहिल्याचे पैसे बहुतेक सगळे भाडेकरू देतात. दुसऱ्याचे काहीच जण. आपल्याकडे भाड्याने येणारा मोठा वर्ग बदलीवाल्यांचा: बँकेतले, सरकारी नोकरीतले. त्यांचा स्वतःचा टेम्पोभर संसार असतो. त्यांना तुमचा सोफा म्हणजे अडचण. एमआयडीसीत नोकरीला लागलेला एकटा मुलगा किंवा हॉस्पिटलमधल्या दोन-तीन मुली मिळून येतात, त्यांना मात्र सगळं तयार हवं असतं.

अर्ध्या सजावटीची किंमत जोडीवरून मिळाली. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्यासारखंच सजवलेलं घर १२,५००ला आहे. तेच रिकामं असतं तर काकूंच्या हिशेबाने ११,३०० झालं असतं. फरक १,२००. मग खर्चाच्या बाजूने ताडून बघितलं. भावाने त्या सामानाला साधारण ९० हजार घातले होते. सहा वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला १५ हजार, महिन्याला १,२५०. दोन्ही वाटांनी जवळजवळ तोच आकडा आला म्हणून १,२०० निश्चिंतपणे धरले. खर्चाचा आकडा ही फक्त वरची मर्यादा असते, कारण तुम्ही किती घातले याच्याशी भाडेकरूला देणंघेणं नसतं.

सहाच वर्षं का, असं कुणी विचारेल. खारी हवा. मांडवी किंवा पांढऱ्या समुद्राच्या बाजूला घर असेल तर एसीच्या बाहेरच्या युनिटला आणि फ्रिजच्या मागच्या जाळीला गंज फार लवकर चढतो. तिथे मी यंत्रांना चार-पाच वर्षांपेक्षा जास्त धरत नाही. नाचणे आत आहे, म्हणून थोडं सैल सोडलं.

पूर्ण सजवलेल्या दुसऱ्या घरात आमच्यापेक्षा जास्तीचं सामान, एसी, फ्रिज, मशीन, सोफा, टीव्ही, मिळून दीड लाखाचं असेल. पाच वर्षांनी भागलं तर अडीच हजार. वर सांगितलं तसं सगळे ते देत नाहीत, म्हणून दोन हजार धरले. पुढे प्रश्नचिन्ह.

पाणी, गाडी, लिफ्ट

पाण्याची किंमत काढणं सोपं आहे, कारण टँकरची वर्गणी कुणीही सांगतं. तिसऱ्या इमारतीत एप्रिल-मेमध्ये दर घराला महिन्याला दीड हजार पडतात. दोन महिन्यांचे तीन हजार, वर्षावर पसरले तर महिन्याला अडीचशे. टँकर येईपर्यंत बादल्या भरून ठेवायची कटकट यात मोजलेली नाही. ‘पाणी चोवीस तास आहे’ हे वाक्य डिसेंबरात ऐकलं असेल तर त्याला किंमत नाही. मे महिन्यात किती दिवसांनी टँकर बोलावता, असं विचारावं.

झाकलेल्या पार्किंगला तीनशे धरले. एका शेजाऱ्याने दुसऱ्याची रिकामी जागा तेवढ्याला घेतलेली आहे, त्यामुळे हा आकडा बाजारातला आहे. पावसात उघड्यावर राहिलेल्या स्कूटरचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

लिफ्ट वेगळी मोजली नाही. लिफ्ट असली की मजला चढायचा प्रश्नच राहत नाही, म्हणून दुसऱ्या घराला पहिल्या मजल्यासारखं धरलं. लिफ्टचा जास्तीचा मेंटेनन्स वरच्या एकूण आकड्यात येऊन गेलाच आहे. मजलाही मोजायचा आणि लिफ्टही, असं केलं तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे लागतात.

क्षेत्रफळाबद्दल एवढंच, की भाडं भागिले फूट काढून तोच दर जादा फुटांना लावू नये. काकूंच्या घराला फुटाला साडेअठरा पडतात, पण हॉल चाळीस फुटांनी मोठा असला म्हणून कुणी ७४० रुपये जास्त देत नाही. मी निम्मा दर लावतो, फुटाला नऊ.

आता बेरीज

काकूंचं घर: ११,५००, तिसऱ्या मजल्यासाठी वजा ४००, सजावटीचे अधिक १,२००. झाले १२,३००.

समोरचं नवं घर: १६,१००, जास्तीच्या सामानाचे वजा २,०००, मजल्याचे वजा ४००, चाळीस फुटांचे साधारण वजा ३५०. झाले १३,३५०.

तळमजल्याचं घर: १०,०००, ओलीचे अधिक ५०० आणि आपल्या तिसऱ्या मजल्याचे वजा ४००, वीस फुटांचे अधिक २००, पाण्याचे अधिक २५०, पार्किंगचे अधिक ३००. झाले १०,८५०.

गल्लीतलं चौथं घर: ११,५००, पार्किंगचे अधिक ३००, दहा फुटांचे अधिक १००. झाले ११,९००.

यांची सरासरी काढायचा मोह होतो. काढू नये. चौथ्या घराला सगळ्यांत कमी हात लावावा लागला आणि दोन्ही फरक छोटे आहेत. काकूंच्या घराचे दोन्ही फरक जोड्यांवरून आलेत. ही दोन घरं भरवशाची. दुसऱ्या घरात दोन हजारांचं एक मोठं प्रश्नचिन्ह आहे, शिवाय इमारत नवी आहे आणि नवेपणाची किंमत मी मोजलेलीच नाही. त्यामुळे १३,३५० हा आकडा फुगलेला असणार हे उघड आहे.

तिसऱ्याचं मात्र कोडं पडलं. सगळं मोजूनही ते हजारभराने खालीच. असं एखादं घर वेगळं पडलं की काहीतरी विचारायचं राहून गेलेलं असतं. पुन्हा गेलो तेव्हा कळलं की ते कुटुंब चार वर्षांपासून तिथे आहे. मालकाने चांगली माणसं जाऊ नयेत म्हणून भाडं जेमतेम वाढवलंय. म्हणजे तो आजचा भावच नव्हता. ते घर वहीतून खोडलं. पहिल्याच फेरीत ‘कधीपासून’ विचारलं असतं तर बेरीज वाचली असती.

चौथं घर नोव्हेंबरात गेलेलं होतं. सरकारी बदल्या साधारणपणे एप्रिल-मेमध्ये होतात आणि शाळा-कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे आपल्याकडे गिऱ्हाईक मे-जूनमध्ये असतं. नोव्हेंबरातला भाव थोडा पडेलच निघतो. तेव्हा ११,९०० हा तळ आणि १२,३००च्या आसपास खरा भाव, असं मनाशी धरलं. सांगायचे १२,५००, बाराच्या खाली यायचं नाही.

हिशेब चुकलाय का हे पंधरा दिवसांत कळतं. फोन येतात पण बघायला कुणी येत नाही, तर भाडं जास्त आहे. बघायला येतात, स्वयंपाकघरात उभे राहतात आणि पुन्हा फोन करत नाहीत, तर घरात काहीतरी खुपतंय, तिथे भाडं उतरवून उपयोग नाही. पहिल्याच दिवशी पाच जण टोकन घेऊन दारात आले तर समजावं, आपण कमी सांगितलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात जाहिरात टाकली. आठ-दहा दिवसांत चार जण बघून गेले. चौथं जोडपं बदलीवालं, बँकेतलं. घर आवडलं, पण बाईंनी बेडकडे बोट दाखवलं. ‘दादा, आमचा बेड आहे. हा काढून घेतलात तर भाडं किती कमी कराल?’ वही खिशात होती. बेड १८ हजारांचा, सहा वर्षांनी भागला की महिन्याला अडीचशे. १२,५०० मधून तेवढे काढून १२,२५० सांगितले, ते बारावर अडले, १२,१००ला जमलं. बेड आता आमच्या पडवीत आहे. दुपारी आई त्यावर झोपते.